२८ काउंट इव्हनवीव्हवर आठ महिने: मोजणी आणि पाठ

गेल्या जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा हे फुल्यांचं भरतकाम रिंगमध्ये चढवलं, ते फेब्रुवारीत उतरवलं. हर्णैच्या किनाऱ्यावरून दिसणारा सुवर्णदुर्ग, पुढे एक होडी, वर मोकळं आभाळ आणि त्यात चार पक्षी. ११२ बाय ८४ फुल्यांचा आलेख मीच चौकटीच्या कागदावर काढला होता. याआधीचं माझं सगळं भरतकाम मॅटीवर झालं होतं. मॅटीवर चौकोन आयते दिसतात, एका चौकोनात एक फुली. इव्हनवीव्हला चौकोन नसतात, नुसते साध्या विणीचे उभे-आडवे धागे. दोन उभे आणि दोन आडवे धागे धरून एक फुली घालायची. म्हणजे कापड २८ काउंटचं, इंचाला २८ धाग्यांचं असेल तर इंचाला फुल्या १४ बसतात. दिसायला हे कापड मॅटीपेक्षा कितीतरी सुंदर आहे, आभाळासारखी न भरलेली जागा त्यावर उघडी सोडता येते. पण धाग्यांची मोजणी आणि पाठ, म्हणजे कामाची मागची बाजू, या दोन्हीत ते काही खपवून घेत नाही. म्हणून त्या दोन गोष्टींबद्दलच लिहिते.

आधी कापड. पहिला तुकडा मी शहरातल्या एका दुकानातून मागवला होता, २८ काउंट म्हणून. घाईत मोजला नाही. चित्राच्या उजवीकडचा सूर्य भरून झाला तर तो अंड्यासारखा उभट! मग एक इंचावर दोन टाचण्या लावून धागे मोजले. आडव्या दिशेने २८ भरले, उभ्या दिशेने २६. अशा कापडावर माझं चित्र रुंदीला बरोबर आठ इंच झालं असतं, पण उंचीला सहाऐवजी जवळजवळ साडेसहा. तो तुकडा बाजूला ठेवला. आता कुठलंही कापड आलं की आधी इस्त्री करते आणि दोन्ही दिशांना, दोन-तीन ठिकाणी मोजते. आकडा जुळला तरच कात्री लावते. आठ बाय सहाच्या चित्राला चारही बाजूंनी तीन-तीन इंच सोडून चौदा बाय बाराचा तुकडा घेतला.

मोजणीची खरी किल्ली मला आत्याकडून मिळाली. तिने मला खिडकीशी बसवलं, कापड डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाली, "नुसतं भोक नको बघूस गो, भोकाच्या वर उजवीकडे बघ. तिथे उभा धागा वर आहे की आडवा?" साध्या विणीत प्रत्येक छेदावर एक धागा वर असतो आणि दुसरा खाली, आणि पुढच्या छेदावर हे उलटतं. पहिली फुली अशा भोकातून सुरू करायची, की त्याच्या लगेच वर उजवीकडच्या छेदावर उभा धागा वर दिसेल. फुली दोन धाग्यांची असल्यामुळे डावी-उजवीकडे किंवा वर-खाली कितीही फुल्या सरकलात तरी प्रत्येक फुलीच्या खालच्या डाव्या भोकाशी तीच खूण येते. एक धागा चुकलात की तिथे आडवा धागा वर दिसतो. चूक पहिल्याच टाक्याला कळते.

माझ्या होडीच्या काठापासून शिडापर्यंत नऊ फुल्यांची जागा रिकामी होती. नऊ दुणे अठरा धागे मोजून सुई वर काढली आणि खूण बघितली, तर आडवा धागा वर. सतराच मोजले होते. टाका घालायच्या आधीच सुई परत घेतली, उसवायचं काही नव्हतं. मॅटीवर अशी अर्ध्या चौकोनाची चूक होतच नाही, त्यामुळे ही सवय अंगी बाणायला मला पंधरा दिवस लागले.

पण ही खूण दोन चुका पकडत नाही. पूर्ण एक फुली, म्हणजे दोन धागे चुकले तर खूण तशीच दिसते. आणि तिरकी चूक, म्हणजे एक धागा उजवीकडे आणि एक वर, हीसुद्धा तिला कळत नाही, कारण दोनदा उलटून खूण पहिल्यासारखीच होते. त्यासाठी कापडावर दहा-दहा फुल्यांच्या रेघा हव्यात.

रेघांसाठी आधी शिवणाचा दोरा वापरून पाहिला. भरताना सुई त्याच्यात घुसते, मग तो टाक्यांखाली अडकतो आणि ओढून काढताना त्याचे तंतू फुल्यांत राहतात. मग घरातलंच तंगूस घेतलं, गरीला लावतो तेच, पण सगळ्यांत बारीक आणि रंगीत. पांढरं तंगूस कापडावर दिसतच नाही. तंगुसात सुई घुसत नाही, काम झाल्यावर टोक धरून ओढलं की सरळ निघून येतं. ते गुळगुळीत असल्याने आपोआप सरकतंही, म्हणून दोन्ही टोकं चार बोटं लांब सोडायची आणि कडेला चिकटपट्टीने धरून ठेवायची.

रेघ घालताना दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून असं जायचं. असे पाच घास घेतले की वीस धागे, म्हणजे दहा फुल्या. घास पाचच मोजायचे असतात, वीस धागे मोजावे लागत नाहीत. रेघा कापडाच्या मध्यापासून घालू नका. माझ्या आलेखातल्या ठळक रेघा डाव्या वरच्या कोपऱ्यापासून दहा-दहावर होत्या आणि मी कापड दुमडून मध्यापासून सुरुवात केली. रुंदीचा मध्य छप्पन्नाव्या फुलीनंतर येतो, म्हणून माझी प्रत्येक उभी रेघ आलेखातल्या रेघेपासून सहा घरं दूर पडली. सगळं काढून पुन्हा कोपऱ्यापासून, कडेपासून तीन इंचांवर सुरू केलं. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथेही उभ्या धाग्याची खूण तपासायची. वीस हा सम आकडा असल्यामुळे ती सगळ्या छेदांवर सारखीच यायला हवी. दोन संध्याकाळी यातच गेल्या. आठ महिन्यांच्या कामात त्या दोन संध्याकाळी मला सगळ्यांत स्वस्त पडल्या.

तटबंदीत त्यांचा उपयोग कळला. चाळिसाव्या रेघेपासून तीन राखाडी फुल्या, मग झरोक्याच्या दोन काळ्या, मग पाच राखाडी, की पन्नासाची रेघ. मी सुरुवातीला तीनऐवजी चार राखाडी घातल्या. उभ्या धाग्याची खूण बरोबर दिसत होती. शेवटची फुली मात्र पन्नासाच्या रेघेपलीकडे गेली. तिथेच थांबले आणि चौथ्या फुलीपासून पुढचं उसवलं. रेघ नसती तर तो झरोका खालच्या ओळींशी जुळत नाही हे मला आणखी दोनशे फुल्यांनी कळलं असतं. तिरकी चूक एकदाच झाली, तिसऱ्या पक्ष्याच्या वेळी. त्याच्या पंखाचं टोक रेघेला टेकायला हवं होतं, पण मधे कापडाचा एक धागा उघडा दिसत होता.

आता पाठ. आत्या कुणाचंही भरतकाम हातात घेतलं की आधी उलटं करते. मॅटीवर मला ते उगाच वाटायचं. इव्हनवीव्हवर मात्र पाठीवरचं पुढून दिसतं, विशेषतः आभाळात, जिथे फुल्याच नाहीत. पहिले दोन पक्षी एकमेकांपासून सहा फुल्यांवर होते. मी गडद निळा दोरा पाठीवरून तसाच ओढत नेला. अंतर अर्ध्या इंचाहूनही कमी. काम खिडकीत धरल्यावर दोन्ही पक्ष्यांना दोरीने बांधल्यासारखी सावली दिसली. दोन्ही पक्षी उसवले. मोकळ्या कापडामागून दोरा न्यायचाच नाही, प्रत्येक पक्ष्याची सुरुवात वेगळी आणि शेवट वेगळा. भरलेल्या भागात तीन-चार फुल्यांपर्यंत सरळ जाता येतं, पुढे जायचं तर पाठीवरच्या टाक्यांखालून सुई सरकवत न्यायची. गडद दोरा फिक्या फुल्यांखालून मात्र नेऊ नका.

गाठ कुठेच मारत नाही. फ्रेममध्ये कापड ताणलं की गाठ पुढून उंचवटा देते. सुरुवात फासाने करते: सहा पदरी दोऱ्यातला एकच पदर साधारण मीटरभर घ्यायचा, मधोमध दुमडायचा आणि दोन्ही टोकं सुईत ओवायची. पहिली अर्धी फुली घालून सुई पाठीवर आली की तिथल्या फासातून काढायची आणि हळूच ओढायची. जोरात ओढलं तर कापडाचे धागे बाजूला सरकून कायमचं भोक पडतं. हा फास दोन किंवा चार पदरांनाच जमतो, एकट्या पदराला नाही. शेवट करताना पाठीवरच्या चार-पाच टाक्यांखालून सुई न्यायची आणि दोरा अगदी जवळून कापायचा.

पाठ एकसारखी दिसणं हे टाक्यांच्या क्रमावर असतं. आडव्या ओळीत मी आधी सगळ्या अर्ध्या फुल्या घालत जाते, खाली डावीकडून वर उजवीकडे, आणि येताना दुसरा पाय घालत परतते. पाठीवर फक्त लहान उभ्या काड्या येतात. एकेक फुली पूर्ण करत गेलात तर पाठीवर तिरके टाके वाढतात. होडीच्या डोलकाठीसारख्या उभ्या रांगेत तीच पद्धत वापरली तर पाठीवर लांब तिरके टाके पडले. तिथे उलटं करायचं: वरून खाली येताना सुई फुलीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून काढून खालच्या डाव्या कोपऱ्यात घालायची. मग पाठीवर आडव्या काड्या येतात. खालून वर परतताना दुसरा पाय खाली उजवीकडून वर डावीकडे. पुढून दोन्हीकडे वरचा पाय एकाच दिशेचा राहतो.

आपल्या हवेसाठी एकच सूचना. सुई कामात टोचून ठेवू नका. ऑगस्टमध्ये चार दिवस राहिली आणि आभाळाच्या कडेला तांबूस ठिपका पडला, तो धुऊनही पूर्ण गेला नाही. सुदैवाने फ्रेमच्या आत जाणाऱ्या भागात होता. आता २६ नंबरची बोथट टोकाची सुई रोज पुसून डबीत जाते आणि रिंगही रात्री काढून ठेवते.

फेब्रुवारीत तंगूस ओढून काढलं. इस्त्रीच्या आधीच काढा, उष्णतेने ते वितळतं. मग काम टॉवेलवर पालथं टाकून पाठीवरून इस्त्री फिरवली आणि संध्याकाळी आत्याकडे नेलं. तिने आधी पाठच बघितली, बराच वेळ, आभाळाकडचा भाग उजेडात धरून. "पक्षी सुटे आहेत गो," एवढंच म्हणाली आणि मग उलटून किल्ला बघायला घेतला.