लिजेंड काढला, रेघेवरच साल लिहिलं : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीला लागूनच म्हणा की. जूनपासून मी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची रोजची पातळी एक्सेलमध्ये भरतो आणि ग्राफ गल्लीच्या ग्रुपवर टाकतो. तीन रेघा, 2019, 2021 आणि यंदाची. आधी खाली लिजेंड असायचा, फोनवर तो एवढासा दिसायचा की शेजारचे काका दर वेळी विचारायचे, "बाळा, तांबडी रेघ कुठल्या सालाची रं?" आणि मंडळाच्या बोर्डावर झेरॉक्स लावली की तिन्ही रेघा करड्याच, मग लिजेंड असून नसून सारखाच.

मग लिजेंड डिलीट केला. रेघेवर एकदा क्लिक केलं की सगळी रेघ निवडली जाते, शेवटच्या पॉइंटवर परत क्लिक केलं की तेवढा एकच पॉइंट. राइट क्लिक करून Add Data Label, मग फॉरमॅटमध्ये Series Name वर टिक आणि Value ची टिक काढायची. अक्षरांना रेघेचाच रंग द्यायचा आणि Plot Area उजवीकडून थोडा आत ओढायचा, नाहीतर नाव कापलं जातं.

पण पहिल्याच दिवशी अडलं. सप्टेंबरअखेर नदी उतरलेली असते, त्यामुळं 2019 आणि 2021 ची टोकं जवळजवळ एकाच जागी येतात आणि दोन्ही नावं एकमेकांवर चढली. टोकालाच लिहायचा हट्ट सोडला आणि नाव शिखरावर नेलं, कारण 2021 चा पूर जुलैअखेरचा आणि 2019 चा ऑगस्टच्या सुरुवातीचा, त्यामुळं शिखरं वेगवेगळ्या जागी आहेत. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका या आडव्या रेघांचीही नावं त्यांच्यावरच, डाव्या टोकाला.

यंदाच्या रेघेचं दुखणं वेगळंच, रेघ रोज पुढं सरकते पण लेबल कालच्याच पॉइंटला चिकटून राहतं. रोज हलवून कंटाळलो, मग शेजारी एक कॉलम केला (C मध्ये यंदाची पातळी):

```
=IF(AND(C2<>"",C3=""),C2,NA())
```

हे खालपर्यंत ओढायचं, त्याची वेगळी सिरीज करून तिला नाव "यंदा" द्यायचं आणि लेबल त्या सिरीजला लावायचं. आज आकडा भरला की नाव आपोआप नव्या टोकाला जातं. एक लक्षात ठेवा, मधला एखादा दिवस भरायचा राहिला तर "यंदा" दोन ठिकाणी दिसतं. ऑगस्टमध्ये मला तसं दिसलं, बघतो तर 2 दिवसांमागचा आकडा भरायचाच राहिलेला.

एक अडचण अजून आहे. ग्रुपवर कुणी म्हणालं 2024 पण टाका, टाकली, तर चौथी रेघ आल्यावर मधल्या भागात गर्दी झाली आणि तिचं नाव नक्की कुठल्या रेघेचं ते मलाच कळंना. ती फिक्कट राखाडी करून नाव न देता ठेवून बघितली, पण लगेच विचारणा सुरू झाली, म्हणून काढूनच टाकली. काकांचा प्रश्न मात्र आता बदललाय, परवा विचारत होते, "43 ला अजून किती फूट हाय?"