फी घेणारा सल्लागार की कमिशनवरचा एजंट: वर्षभराचा अनुभव

ठरावीक फी घेणाऱ्या आर्थिक सल्लागाराकडे जायला लागून आता वर्ष होत आलं. त्याआधी बरीच वर्षं सगळं एजंटमार्फत चालायचं. ते एजंट अजूनही संपर्कात आहेत आणि माणूस वाईट नाही. त्यामुळे 'एजंट लबाड, सल्लागार साधू' अशा थाटाचं काही वाचायला मिळेल, ही अपेक्षा ठेवू नका. एकाच प्रश्नावर तिघांकडून उत्तरं घेतली. कोणाचं उत्तर कोणाच्या फायद्याचं, हे ओळखायला मी त्यातून शिकले. म्हणून बाकीचं थोडक्यात आटपून त्या एका प्रकरणाबद्दल सविस्तर लिहिते.

माझ्याकडे बचत आणि विमा एकत्र असलेली एक जुनी पॉलिसी आहे. वर्षाच्या सुरुवातीला एक लाखाचा हप्ता, असे दहा हप्ते, आणि विसाव्या वर्षाअखेर हमीचे वीस लाख. सात हप्ते भरून झाले होते, आठवा समोर होता. त्या दिवशी सरेंडर केली असती तर हातात पाच लाख आले असते. सात भरले आणि पाच मिळतात, हे बघून कोणाचंही डोकं फिरेल. प्रश्न एवढाच होता, की चालू ठेवायची की मोडायची?

एजंट म्हणाले, "मॅडम, मोडून टाका. या पॉलिसीत तुम्हाला जेमतेम साडेचार टक्के सुटतात." हे त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. दहा लाखांचे वीस लाख म्हणजे दुप्पट, असं ऐकायला छान वाटतं, पण वर्षं धरून हिशेब केला की परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपासच येतो. मग त्यांनी बाजाराशी जोडलेली नवी योजना काढली. सरेंडरचे पाच लाख आणि पुढचे तीन हप्ते तिच्यात टाकायचे. ८ टक्के धरून त्यांच्या कागदावर त्याच मुदतीला साधारण एकवीस लाख दाखवले होते.

दुसरे भेटले ते टक्क्यावर फी घेणारे सल्लागार. ते कमिशन घेत नाहीत, पण जेवढी रक्कम त्यांच्या देखरेखीखाली असेल तिच्यावर वर्षाला एक टक्का घेतात. त्यांचंही उत्तर तेच होतं: मोडा, पाच लाख आमच्याकडे आणा, आपण इक्विटी फंडात लावू. पटण्यासारख्या भाषेत बोलले, आणि दीर्घ मुदतीत इक्विटीतून जास्त मिळू शकतं हेही खरंच आहे.

तिसऱ्या सल्लागार बाई कामाची ठरावीक फी घेतात. माझी रक्कम वाढो की घटो, त्यांची फी बदलत नाही. त्यांनी आधी पॉलिसीच्या कागदांची आणि सरेंडर व्हॅल्यूच्या लेखी आकड्याची मागणी केली. मग म्हणाल्या, "साडेचार टक्के हा मागच्या सात वर्षांसकटचा हिशेब झाला. ते पैसे गेले, ते काही परत येणार नाहीत. तुम्हाला निर्णय आजपासून घ्यायचाय, तर हिशेबही आजपासूनचाच करूया."

तो हिशेब असा. आज पॉलिसी न मोडणं म्हणजे हातात येऊ शकणारे पाच लाख तिच्यातच ठेवणं. वर आठवा हप्ता एक लाख, म्हणजे आजची गुंतवणूक सहा लाख. पुढच्या दोन वर्षांत आणखी एकेक लाख, मग काही नाही आणि आजपासून तेरा वर्षांनी वीस लाख. स्प्रेडशीटच्या एका स्तंभात उणे सहा, उणे एक, उणे एक, मग दहा शून्यं आणि शेवटी वीस असे चौदा आकडे टाकायचे आणि खाली वार्षिक परतावा काढणारं हे सूत्र:

```
=IRR(A1:A14)
```

उत्तर येतं साधारण साडेसात टक्के. तेही हमीचे.

सुरुवातीपासून बघितली तर साडेचारची आणि आजपासून बघितली तर साडेसातची, अशी एकाच पॉलिसीची दोन उत्तरं आहेत, कारण सरेंडरची चाट आपण आधीच सोसलेली असते. एजंटांचा आकडा बरोबर होता, फक्त तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर होता. असा प्रकार पकडणं खोटं पकडण्यापेक्षा फार अवघड असतं.

आता त्यांचे एकवीस लाख घ्या. ते ८ टक्क्यांवर होते आणि हमी कशाचीच नव्हती. त्यातून योजनेचा वार्षिक खर्च एक टक्का जरी वजा केला, तरी ७ टक्क्यांनी पावणेएकोणीसच्या आसपास येतात, म्हणजे पॉलिसीच्या वीसपेक्षाही कमी. वर जुनं विमा कवच जातं आणि नवं घ्यायचं तर वाढलेल्या वयाच्या दरानं. उलट बाजूही तपासली: मोडून सगळे पैसे ६ टक्क्यांच्या सुरक्षित ठेवीत ठेवले असते तर तेरा वर्षांनी साधारण १६ लाख ७० हजार झाले असते. कर प्रत्येकाचा वेगळा, म्हणून तो यात धरलेला नाही. तुमचा तुम्ही धरा.

टक्केवाल्या सल्लागारांचा मुद्दा मी असाच मोडीत काढत नाही. त्यांची चूक एवढीच की ते हमीच्या साडेसातची तुलना बिनहमीच्या अंदाजाशी करत होते. माझ्या पैशांतला काही भाग सुरक्षित हवाच आहे, तर ही पॉलिसी त्या भागात मोजायची आणि इक्विटी बाकीच्या पैशांतून घ्यायची. हा तोडगा त्यांनी सुचवला नाही, कारण पॉलिसीत राहिलेल्या पैशांवर त्यांना एक टक्का मिळत नाही. 'कमिशन घेत नाही' याचा अर्थ 'हितसंबंध नाही' असा होत नाही, हे मला इथे कळलं. याच कारणानं टक्क्यावर फी घेणारा माणूस कर्ज आधी फेडा असंही सहसा उत्साहानं सांगत नाही. कर्जात गेलेला पैसा त्याच्या देखरेखीखालून निघून जातो.

एजंटांना मी नंतर सरळच विचारलं, की दोन्ही पर्यायांत तुम्हाला किती मिळणार? थोडे अवघडले, पण सांगितलं. जुन्या पॉलिसीवर आता हप्त्यामागे पाच टक्के, म्हणजे पाच हजार, तेही आणखी तीनदाच. नव्या योजनेवर पहिल्याच वर्षी त्याच्या कितीतरी पट. एवढं ऐकल्यावर बाकी काही विचारायची गरज राहिली नाही.

तेव्हापासून कोणीही काही सुचवलं की मी सगळे पर्याय लिहून काढते आणि प्रत्येकासमोर सुचवणाऱ्याला काय मिळणार ते लिहिते. यादीत 'काहीच न करणं' आणि 'कर्ज फेडणं' हे दोन पर्याय असलेच पाहिजेत, कारण त्यात बहुधा कोणालाच काही मिळत नाही. सुचवलेला पर्यायच त्याला सर्वांत जास्त देणारा असेल तर तो सल्ला लगेच चुकीचा ठरत नाही. पण मग पुराव्याचं ओझं त्याच्यावर येतं.

दुसरा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो: "माझ्या परिस्थितीत काय वेगळं असतं तर तुम्ही उलटं सांगितलं असतं?" बाईंनी तत्काळ उत्तर दिलं: डोक्यावर ९ टक्क्यांचं कर्ज असतं तर पॉलिसी मोडून ते फेडा म्हटलं असतं, कारण साडेसात कमवण्यापेक्षा नऊ वाचवणं बरं. आणि सरेंडर व्हॅल्यू साडेसहा लाख असती तर पुन्हा गणित मांडलं असतं. एजंटांकडे या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. त्यांची योजना सगळ्यांसाठीच चांगली होती.

आता तक्रारी. पहिली फीची. 'आहे तसं चालू ठेवा' या सल्ल्यासाठी खिशातून वीस हजार देताना जीवावर येतं. कमिशन दिसत नाही म्हणून टोचत नाही, एवढाच काय तो फरक. पण फी नेहमी स्वस्त पडते असंही नाही. वर्षाला वीस हजार फी आणि एक टक्का कमिशन यांची बरोबरी वीस लाखांवर होते. पाच लाखच गुंतवलेल्या माणसाला ती फी चार टक्के पडेल, जे निव्वळ नुकसान आहे. ब्रिटनमध्ये २०१२ च्या अखेरीस गुंतवणूक सल्ल्यावरचं कमिशन बंद केलं, तेव्हा कमी पैसेवाल्यांना परवडणारा सल्ला मिळणं कठीण झालं, ही त्या नियमाची मोठी टीका राहिली आहे. रक्कम लहान असेल तर एकदाच फी देऊन आराखडा करून घ्यावा आणि पुढचं स्वतः बघावं.

दुसरी तक्रार कामाची. सल्लागार सांगतात, करायचं आपण. फॉर्म, केवायसी, नॉमिनीचा बदल, सगळं माझ्याच गळ्यात. एजंट रविवारी फोन उचलायचे आणि घरच्या एका आजारपणात विम्याच्या दाव्याची कागदपत्रं त्यांनीच धावपळ करून लावली होती. ती सेवा खरी होती आणि तिची किंमत कमिशनमधून वसूल होत होती.

तिसरी, ठरावीक फीवाल्यांचाही स्वार्थ असतोच: पुढच्या वर्षी आपण पुन्हा यावं. बाईंनी दर तिमाहीला आढाव्याचं पॅकेज सुचवलं होतं. मी विचारलं, तीन महिन्यांत असं काय बदलणार? हसल्या आणि वार्षिक करून दिलं.

शोधताना एक सावधगिरी बाळगा. काही जण 'आम्हीही फी घेतो' म्हणतात आणि फीसोबत कमिशनही घेतात. इंग्रजीत फी-ओन्ली आणि फी-बेस्ड हे शब्द फार जवळचे वाटतात, पण दुसऱ्यात कमिशनला जागा असते. भारतात सेबीचे सल्लागारांसाठीचे नियम २०१३ पासून आहेत आणि एकाच ग्राहकाला सल्ल्याची फी आणि वितरणाचं कमिशन दोन्ही लावता येत नाही. तरी कुठेही असलात तरी लेखी विचारा: तुम्हाला, तुमच्या घरच्यांना किंवा तुमच्या कुठल्याही संस्थेला माझ्यामुळे माझ्याशिवाय आणखी कोणाकडून काही मिळतं का? ओळख करून दिल्याचे पैसेसुद्धा यात धरा. बाईंनी कर सल्लागाराचं नाव सुचवलं तेव्हा मी हेच विचारलं, आणि 'काही मिळत नाही' असं ईमेलवर आलं.

सध्याची व्यवस्था अशी: बाईंकडे वर्षातून एक बैठक, पॉलिसीचे उरलेले हप्ते चालू, आणि आरोग्य विम्याचं नूतनीकरण अजूनही त्याच एजंटांकडून. त्यावरचं कमिशन त्यांना जातं हे मला माहीत आहे. दाव्याच्या वेळी धावून येणारा माणूस हवा म्हणून ते मी आनंदानं देते. नव्या योजनेचा कागद मात्र त्यांनी परत कधी काढला नाही.