सरळ नकार की वेगळं कोटेशन?

एका मैत्रिणीने पाच पानांची वेबसाइट बनवून देण्याचं काम ठरवून घेतलं होतं. तिसऱ्या आठवड्यात क्लायंटचा मेल आला: "जाता जाता बुकिंग फॉर्मही जोडून द्याल का?" तिच्याकडे दोन मसुदे तयार होते, कुठला पाठवावा ते कळेना.

पहिला: "बुकिंग फॉर्म आपल्या ठरलेल्या कामात नाही, त्यामुळे या टप्प्यात घेता येणार नाही. पाचही पानं ठरल्याप्रमाणे शुक्रवारी देते."

दुसरा: "फॉर्म करता येईल. त्याला चार दिवस जास्त लागतील, खर्च सोबत जोडला आहे. तुमचा होकार आला की सुरू करते, तोवर शुक्रवारची तारीख कायम."

मेहनत पहिल्यात कमी, पण क्लायंटच्या हातात काहीच उरत नाही. दुसऱ्यात अंदाज काढायला तासभर जातो, मात्र निर्णय त्याच्याकडे जातो आणि बहुतेकदा मागणी आपोआप थंडावते. धोकाही इथेच आहे: आकडा न लिहिता नुसतं "बघू" म्हटलं, तर तो होकारच धरला जातो. (माफीचे तीन परिच्छेद दोन्हींत नकोत, त्यातून घासाघीस सुरू होते.)

काम जमणारं असेल आणि वेळ असेल तर दुसरा. हातात वेळच नसेल किंवा ते काम आपलं नसेल, तर पहिला. तिने दुसरा पाठवला.