ईदसाठी दहा बोकड: सहा महिने पाळल्यानंतरचा अनुभव

७ डिसेंबर २०२४ ला दहा उस्मानाबादी बोकड घेतले. हिशेब ७ जून २०२५ च्या बकरी ईदेचा. सगळे नऊ महिन्यांच्या आसपासचे, सरासरी १८ किलोचे. जिवंत वजनावर किलोला ३८० रुपये, म्हणजे एक बोकड साधारण ६,८०० ला पडला.

वय मी मुद्दाम हे धरलं. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेलं लागतं आणि गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दात बघतं. दोन दाती असला की वयावर वाद होत नाही. उस्मानाबादीचे पुढचे दोन दुधाचे दात साधारण चौदा-पंधरा महिन्यांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यामुळे नऊ महिन्यांचा घेतला तर ईदेला तो नेमका तिथे पोचतो. तरी माझ्यातल्या दोघांचे दात मेच्या अखेरीपर्यंत निघाले नव्हते. ज्यांच्याकडून घेतले त्यांनी जन्मतारीख वहीत लिहून दिली होती, ती दाखवल्यावर ते दोघे खपले. नोंद नसलेला बोकड पुन्हा घेणार नाही.

दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी, खुराकाआधी वजन केलं. पहिल्या महिन्यात दिवसाला जेमतेम ४० ग्रॅम वाढ. जंताचं औषध, आंत्रविषार आणि पीपीआरची लस, नवी जागा, त्यात हा महिना गेला. जानेवारी ते मार्च ९० ते १०० ग्रॅमच्या आसपास मिळाली. एप्रिलमध्ये ऊन चढलं आणि वाढ ५५ वर आली, मेमध्ये ५०. दुपारी बोकड नुसते धापा टाकत उभे. मग खुराक पहाटे पाचला आणि सूर्य मावळल्यावर द्यायला लागलो, छपरावर उसाचं पाचट टाकलं. थोडा फरक पडला, पण थंडीतली वाढ परत आली नाही. २५ मे ला सरासरी ३१ किलो भरली. वजन कमवायचं ते मार्चपर्यंतच, मेमध्ये फक्त टिकवायचं, हे मला काट्याने शिकवलं.

खुराकात मका भरडा, शेंगदाणा पेंड, तूर चुनी, गव्हाचा कोंडा, क्षार मिश्रण. सुरुवात रोज १०० ग्रॅमने, दर आठवड्याला ५० ग्रॅम वाढवत शेवटी ४०० पर्यंत. सोबत हरभऱ्याचं आणि तुरीचं भुसकट पोटभर, संध्याकाळी थोडा लसूण घास किंवा सुबाभूळ. एकदा घाईत एकदम दीडपट केलं तर तिघांनी रवंथ थांबवला, लेंडीच्या जागी पातळ हगवण. दोन दिवस दाणा बंद, फक्त सुकं भुसकट आणि खाण्याचा सोडा, तेव्हा सावरले.

मोठा धक्का फेब्रुवारीत बसला. एक बोकड वारंवार पाय ताणून उभा राही, शेपटी हलवी, थेंबथेंब लघवी करी आणि ओरडे. मुतखडा. डॉक्टरांनी लिंगाच्या टोकाची बारीक शेपटी कापली, तेव्हा लघवी सुटली. कारण माझंच: कोंडा जास्त, मीठ घातलं नव्हतं, थंडीत पाणी कमी पीत होते. दाणा आणि कोंड्यात फॉस्फरस खूप, कॅल्शियम कमी, त्यातून खडे होतात. नराची नळी अरुंद असल्याने तिथे अडकतात. त्यानंतर कोंडा निम्मा केला, शंभर किलोमागे एक किलो मीठ आणि एक किलो चुनखडी भुकटी घातली, सकाळी कोमट पाणी ठेवलं. पुन्हा कुणाला झालं नाही. तो बोकड जगला, पण ईदेपर्यंत २५ किलोच्या पुढे गेला नाही.

मेमध्ये आणखी एक चूक. मोठे झालेले बोकड एकत्र ठेवले आणि टकरीत एकाचं शिंग मुळापासून गेलं. ईदेचं गिऱ्हाईक त्याच्याकडे फिरकलंही नाही, कसायाच्या भावाने द्यावा लागला. एप्रिलपासून वेगळे कप्पे हवे होते.

विक्रीत घाई केली नाही, पण वाटही पाहिली नाही. तीन आठवडे आधीपासून ओळखीची कुटुंबं घरी येऊन बघून गेली. पाच जणांनी विसार देऊन बोकड माझ्याकडेच ठेवले आणि आदल्या दिवशी नेले. बाकीचे तीन बाजारात, ईदेच्या आठ दिवस आधी दिले. आठही सरासरी १५,००० ला गेले. शेवटच्या दोन दिवसांत लांबून आलेल्यांना माल परत न्यायचा नव्हता, तेव्हा भाव खाली आलेले मी पाहिले. एका बोकडाचा चारा, खुराक, औषध मिळून खर्च २,३०० च्या आसपास आला. माझी मेहनत आणि शेतातला हिरवा चारा त्यात धरलेला नाही.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२६ ला ती मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे, म्हणून या वेळी खरेदी नोव्हेंबरमध्येच केली, आणि निवडताना आधी शिंगं, कान आणि चाल बघितली.