झोटेरो, आठ महिन्यांनंतर: लाल पट्टी का दिसली नाही?

मी जळगावात घरून संदर्भ शोधून देण्याचं काम करते. विद्यार्थी असतात, अधूनमधून सावदा-फैजपूरकडचे केळी प्रक्रियेवाले छोटे उद्योजकही येतात. आठ महिन्यांपासून सगळे संदर्भ झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. एक पैसा भरलेला नाही. फुकटची ३०० एमबी जागा पीडीएफने लगेच भरते, म्हणून फक्त नोंदी सिंक करते आणि फाइली लॅपटॉपवर ठेवते. एवढ्यावर माझं व्यवस्थित भागतं.

खरं लिहायचंय ते लाल पट्टीबद्दल. एखादा शोधनिबंध नियतकालिकाने मागे घेतला, म्हणजे रिट्रॅक्ट केला, की झोटेरो त्या नोंदीवर लाल पट्टी दाखवतं. ही माहिती मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीतून येते. मी या सोयीवर डोळे झाकून विसंबले होते.

गेल्या महिन्यात चोपड्याच्या एका एम.एस्सी.च्या मुलीचा फोन आला. "ताई, मॅडम म्हणताहेत की यातला एक पेपर रद्द झालेला आहे." केळी जास्त दिवस टिकावी म्हणून लावायच्या लेपावरचे २४ निबंध मी तिला सारांशासह दिले होते, १,८०० रुपयांत. मॅडमनी नियतकालिकाच्या साइटवर जाऊन पाहिलं, तर पानापानावर RETRACTED असा शिक्का. माझ्या झोटेरोत मात्र ती नोंद अगदी स्वच्छ. मला एवढा संताप आला, की त्याच रात्री वाईट रिव्ह्यू लिहायला घेतला होता.

तो पोस्ट करण्याआधी नोंद उघडून पाहिली आणि मत बदललं. ती पीडीएफ मुलीनेच व्हॉट्सॲपवर पाठवलेली होती, पानांचे फोटो काढून केलेली. त्यातला मजकूर झोटेरोला वाचता आला नाही, म्हणून शीर्षक आणि लेखक मी हाताने टाइप केले आणि डीओआयचा, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ओळख क्रमांकाचा, रकाना रिकामा सोडला. झोटेरो शीर्षक जुळवून बघत नाही. डीओआय किंवा पबमेडचा क्रमांक असेल तरच नोंद यादीशी ताडून पाहतं. डीओआय भरला आणि थोड्या वेळाने लाल पट्टी आली.

तुम्हालाही पाहायचं असेल तर जादूच्या कांडीच्या बटणात हा क्रमांक टाका:

```
10.1016/S0140-6736(97)11096-0
```

हा 'द लॅन्सेट'मधला १९९८ चा निबंध, ज्यावरून गोवराच्या लसीबद्दल भीती पसरली. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. पट्टी दिसेल. मग नोंदीतला डीओआय पुसून पाहा.

जुनी पीडीएफ आपोआप बदलत नाही, हे आता पक्कं डोक्यात बसलंय. प्रकाशक शिक्का मारतो तो साइटवरच्या प्रतीवर. निबंध मागे घेण्याआधी कुणी उतरवून घेतलेली प्रत ग्रुपांतून तशीच फिरत राहते.

नोंद काढून टाकली म्हणजे काम संपत नाही. गूगल स्कॉलरवर त्या निबंधाखालचं 'Cited by' उघडलं, तर माझ्या यादीतले आणखी दोन निबंध त्याच्यावर टेकलेले निघाले. एकाने प्रस्तावनेत नुसता उल्लेख केला होता, त्याने काही बिघडत नव्हतं. दुसऱ्याने लेपाचं प्रमाण तिथूनच उचललं होतं. त्यातली मोजमापं त्यांची स्वतःची होती, म्हणून तो निबंध ठेवला. पण "हे प्रमाण योग्य असल्याचं आधी सिद्ध झालंय" हे वाक्य सारांशातून काढलं आणि का काढलं ते शेजारी लिहिलं.

मुलगी म्हणाली, "मग ताई, तो परिच्छेद तुम्हीच लिहून द्या ना." नाही म्हटलं. शोधणं, सारांश करणं, कुठे शंका आहे ते दाखवणं माझं काम. प्रबंधातलं वाक्य तिचं असायला हवं. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून देणं हेच यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्य आहे. तिच्या समीक्षेत आधीच गेलेला तो निबंध गुपचूप न गाळता मॅडमना स्पष्ट सांग, असं बजावलं. ६०० रुपये परत केले. चूक माझी होती.

झोटेरोबद्दलची तक्रार एकच उरते: डीओआय नसलेल्या नोंदीवर "ही तपासलेली नाही" असा काही इशाराच नाही. न तपासलेली नोंद आणि ठीक असलेली नोंद सारखीच दिसते. आपल्याकडच्या कित्येक लहान नियतकालिकांना आणि शोधगंगेवरच्या जुन्या प्रबंधांना डीओआय नसतोच, त्यामुळे आम्हाला हा फटका जास्त बसतो.

मी त्यावर टॅगचा उपाय काढलाय. डीओआय नसेल त्या नोंदीला 'हाताने' हा टॅग, मग नियतकालिकाच्या साइटवर शीर्षक शोधायचं, रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत शीर्षक टाकून बघायचं आणि तपासल्याची तारीख टिपेत लिहायची. सावद्याच्या वेफर्सवाल्या भाऊंच्या यादीत ३१ पैकी ९ नोंदी अशा निघाल्या. सहा तपासून झाल्यात. तीन नियतकालिकांची साइटच उघडत नाही, म्हणून त्या तिन्ही नोंदींपुढे "पडताळणी झाली नाही" असं लिहून यादी काल पाठवली.