क्यूआरचे पैसे खात्यात कधी आणि किती येतात: पावभाजीच्या गाडीवरचा अनुभव

दिवाळीच्या आधी गाडीवर एका पेमेंट कंपनीचा क्यूआर आणि साउंडबॉक्स लावला, तो आजही चालू आहे. स्कॅन पटकन होतं आणि गर्दीतही बॉक्सचा आवाज ऐकू येतो, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण पैसे खात्यात कधी येतात आणि रोजचा हिशेब कसा जुळवायचा, हे क्यूआर लावून देणारा माणूस नीट सांगत नाही. म्हणून तेवढंच सविस्तर लिहितो.

बॉक्स ‘शंभर रुपये प्राप्त झाले’ म्हणतो तेव्हा ते पैसे आपल्या खात्यात आलेले नसतात. गिऱ्हाइकाच्या बँकेतून ते आधी कंपनीच्या नावे ठेवलेल्या खात्यात जातात आणि तिथून दिवसभराची बेरीज एकरकमी आपल्याकडे येते. यालाच सेटलमेंट म्हणतात. माझं सेटलमेंट दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येतं. रविवारी आणि सणालाही येतं, कारण 2019 च्या डिसेंबरपासून एनईएफटी चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असते.

माझी अडचण वेगळीच होती. गाडी संध्याकाळी सहाला लागते आणि रात्री साडेबाराला उचलते. ॲपचा दिवस मात्र रात्री बाराला संपतो. आमचा शनिवार आणि ॲपचा शनिवार एक नसतो, त्यामुळे वही आणि बँक कधीच जुळत नव्हती.

एका शनिवारचा हिशेब सांगतो. वहीत क्यूआरची विक्री 7,450 रुपये. रविवारी खात्यात आले 7,002. म्हणजे 448 कमी. बायको म्हणाली, "अहो, कंपनीनं कापले असणार." ॲपमधला सेटलमेंटचा रिपोर्ट उघडून एकेक एन्ट्री बघितली. बारानंतरचे 610 रुपये त्यात नव्हते, ते ॲपच्या हिशेबात रविवारचे. उलट शुक्रवारी रात्री बारानंतर आलेले 280 रुपये शनिवारच्या रकमेत धरलेले. आणि महिन्याचं बॉक्सभाडं जीएसटीसह 118 रुपये त्यातूनच वळतं केलेलं. आता 7,450 मधून 610 वजा, 280 मिळवा, 118 वजा, की बरोबर 7,002. एक रुपयाही गेला नव्हता.

तेव्हापासून बाराचा ठोका पडला की वहीत रेघ मारायची, ही पद्धत ठेवली आहे. रेघेच्या वरचं आजच्या तारखेत, खालचं उद्याच्या. भाडं कापतात त्या तारखेला वहीत तेवढा खर्च वेगळा लिहायचा. एवढं केलं की सकाळी बँकेचा मेसेज आला की दोन मिनिटांत ताळा जमतो. साध्या यूपीआयवर 2020 च्या जानेवारीपासून दुकानदाराला टक्केवारीचं शुल्क नाही. त्यामुळे जी काही कपात दिसेल तिचं नाव रिपोर्टमध्ये असायलाच हवं. नसेल तर विचारा, सोडून देऊ नका.

वेळेची गैरसोय मात्र खरी आहे. मी पहाटे मंडईत टोमॅटो, बटाटे, सिमला मिरची घेतो आणि तिथे रोख किंवा लगेच पैसे द्यावे लागतात. आदल्या रात्रीचे क्यूआरचे पैसे तोवर आलेले नसतात. म्हणून गल्ल्यातली रोख रात्रीच मंडईसाठी बाजूला काढून ठेवतो. ज्यांची विक्री जवळपास सगळी क्यूआरवरच होते, त्यांनी आपल्या बँकेचा दुकानदारांसाठीचा क्यूआर बघावा. त्यात पैसे थेट खात्यात पडत असतील तर मंडईचा प्रश्न सुटतो. मात्र मग पासबुकात वीस-वीस, साठ-साठ रुपयांच्या ओळी भरतात आणि वर्षाचा हिशेब काढायला एकरकमी जमा कितीतरी सोयीची पडते. माझ्यासारख्या गाडीला एकरकमीच बरी.

कधी गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात आणि बॉक्स गप्प राहतो. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर विसंबू नका, स्वतःच्या ॲपमध्ये त्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर शोधा. तिथे यशस्वी दिसलं तरच विक्री धरा. नाही दिसलं तर, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, दुकानदाराला केलेलं असं अडकलेलं पेमेंट पाच दिवसांत गिऱ्हाइकाला आपोआप परत मिळायला हवं. तसं त्याला समजावून सांगितलं की सहसा वाद होत नाही.

सकाळी रक्कमच आली नाही तर हा गिऱ्हाइकाचा नंबर उपयोगाचा नाही. सेटलमेंटच्या एकरकमी रकमेला स्वतःचा वेगळा व्यवहार नंबर, म्हणजे यूटीआर, असतो आणि तो रिपोर्टच्या वरच दिसतो. तो आलेला असेल आणि खात्यात पैसे नसतील, तर तो नंबर घेऊन बँकेत विचारा. यूटीआरच पडलेला नसेल तर पैसे अजून कंपनीकडेच आहेत, बँकेत हेलपाटा घालू नका, कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर त्या दिवसाच्या पानावर लिहून ठेवा.