दीड हजारांच्या प्लॅनपायी ४३,४९९ रुपये गेले

जुना प्रीपेड नंबर रिचार्जअभावी बंद पडला आणि ओटीटीचं खातं त्याच नंबरावर होतं. वार्षिक प्लॅन १,४९९ रुपयांचा, सात महिने शिल्लक. ओटीपी बंद नंबरावर जाणार आणि अ‍ॅपमधली मदत उघडायला आधी लॉगिन करा म्हणणार! मग माणूस गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणार नाही तर काय करणार? वर दिसला तो नंबर चोरांचा.

पलीकडचा गोड बोलून म्हणाला, नवा नंबर जोडायला ५ रुपये व्हेरिफिकेशन फी आहे. कुठलीही कंपनी खातं परत द्यायला पैसे घेत नाही. तिथेच फोन आपटायला हवा होता. मग व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅप बसवायची एपीके फाइल आली. फोनने "अनोळखी स्रोत" म्हणून बजावलं, अ‍ॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. नंबर बदलायला माझे मेसेज कशाला वाचायचे, हे त्या क्षणी सुचलं नाही, याचाच संताप येतो. त्यात ५ रुपयांसाठी कार्डाचा तपशील भरला. आधी २४,९९९ गेले, लगेच १८,५००. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही, त्या अ‍ॅपने परस्पर उचलला.

बँक मात्र एकच पालुपद लावते: ओटीपी वापरला गेला, म्हणजे चूक ग्राहकाची. शाखा म्हणते हेल्पलाइनला विचारा, हेल्पलाइन म्हणते शाखेत जा. पोलीस ठाण्यात आधी ऑनलाइन तक्रार करून या म्हणतात. पैसे पुढच्या खात्यांत पळत असताना हे कागद नाचवतात! म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन आधी, ठाणं नंतर. आणि कार्ड दुसऱ्या फोनवरून ब्लॉक करा. कळवल्यानंतर पुन्हा पैसे गेले तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते नुकसान बँकेचं, म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

खरा रस्ता घरातच होता. टीव्हीवर खातं चालू असेल तर चुकूनही लॉगआउट करू नका. तिथल्याच मदत विभागातून कंपनीशी संपर्क करा आणि प्लॅनच्या पैशांचा पुरावा द्या: तारीख, रक्कम, यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक. तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडतो. नेटफ्लिक्सचं असेल तर netflix.com/loginhelp वर ईमेल-फोन आठवत नसल्याचा पर्याय काही ठिकाणी दिसतो, तिथे नाव आणि नोंदवलेलं कार्ड विचारतात.

नुसतं सिम हरवलं असेल तर डुप्लिकेट घ्या, पण नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, तोवर घाबरून दुसरे उद्योग करू नका. नंबरच बंद झाला असेल तर तो दुसऱ्याला जाण्याआधी मोबाइल कंपनीच्या दुकानात विचारा.

आणि खातं नाहीच मिळालं तर यूपीआय अ‍ॅपमधलं ऑटोपे रद्द करा, नाहीतर बंद दाराआडच्या खात्याचे पुढच्या वर्षीही १,४९९ कापले जातील.